पुरवठादाराकडे चुकून जादा गेलेली रक्कम परत मागताना

पुरवठादाराला जादा रक्कम गेल्याचे लक्षात आले की आधी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो: चूक बिलात आहे की पेमेंटमध्ये? बिलच जास्त रकमेचे आले असेल, तर पुरवठादाराकडे क्रेडिट नोट मागायची. बिल बरोबर असून पैसेच जास्त गेले असतील, तर क्रेडिट नोटेचा प्रश्न येत नाही. तिथे परतावा मागायचा किंवा रक्कम पुढच्या बिलात वळती करायला सांगायचे. या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते, आणि जीएसटीमुळे ती महागात पडते.

एक उदाहरण घेऊ. पुण्याजवळच्या एका लहान फॅब्रिकेशन कारखान्याने महाराष्ट्रातल्याच एका व्यापाऱ्याकडून अडीच हजार किलो लोखंडी सळ्या मागवल्या. खरेदी ऑर्डरवर दर होता किलोला ६० रुपये. म्हणजे माल दीड लाखाचा, त्यावर १८ टक्के जीएसटी २७,००० आणि एकूण देणे १,७७,००० रुपये. ३ जून २०२५ रोजी प्रोफॉर्मा बिलावर ५०,००० रुपये आगाऊ पाठवले. माल १४ जूनला आला आणि त्याबरोबर टॅक्स इन्व्हॉइस आले. त्यावर दर मात्र ६२ रुपये लागला होता. मालाची किंमत १,५५,०००, कर २७,९०० आणि एकूण १,८२,९०० रुपये. १० जुलैला ही पूर्ण रक्कम एनईएफटीने गेली. जूनमधले ५०,००० कोणाच्याच लक्षात राहिले नव्हते.

असे घडण्याचे कारण साधे आहे. टॅक्स इन्व्हॉइसवर मालाची पूर्ण किंमत छापली जाते. आगाऊ दिलेली रक्कम त्यातून वजा झालेली असेलच असे नाही. टॅलीसारख्या प्रणालीत आगाऊ रक्कम त्या बिलाला जोडली नाही, तर ती ‘ऑन अकाउंट’ म्हणून वेगळी पडून राहते आणि देय बिलांच्या यादीत ते बिल पूर्ण थकलेले दिसते. पेमेंट करणारा माणूस यादी पाहतो, संपूर्ण खाते पाहत नाही. एकच बिल दोनदा नोंदले जाणे हा दुसरा नेहमीचा प्रकार. मेलवर आलेली प्रत एकाने ०४१८ या क्रमांकाने चढवली आणि कागदी प्रत दुसऱ्याने ४१८ म्हणून चढवली, की संगणकाच्या लेखी ती दोन बिले होतात. मालपरतीची डेबिट नोट वजा करायची राहणे किंवा टीडीएस न कापता पूर्ण रक्कम पाठवणे, यांमुळेही पैसे जादा जातात.

पुरवठादाराला कळवण्याआधी त्याच्याकडून खातेउतारा मागवून तो आपल्या खात्याशी ओळीओळीने ताडून पाहावा. पुरवठादाराच्या खात्यात एरवी जमा बाकी असते, म्हणजे आपण त्याचे देणे लागतो. तिथे नावे बाकी दिसली, तर रक्कम जादा गेल्याचा संशय घ्यायला जागा आहे. बँकेचे स्टेटमेंटही बघावेच, कारण एखादे एनईएफटी बँकेतून परत आलेले असते आणि पुस्तकात ते गेलेलेच दिसत राहते. उदाहरणातल्या कारखान्याने सप्टेंबरअखेर असा ताळमेळ घातला, तेव्हा नावे बाकी निघाली ५०,००० रुपयांची. पुरवठादाराच्या पुस्तकातही कारखान्याच्या नावावर तेवढेच जमा होते.

दरातला फरक या ताळमेळात दिसला नाही आणि तो दिसणारही नव्हता. १,८२,९०० चे बिल दोन्ही पुस्तकांत सारखेच चढले होते. दोन्ही बाजू एकाच चुकीवर जुळत होत्या. असा फरक शोधायचा तर बिल, खरेदी ऑर्डर आणि माल आल्याची पावती हे तिन्ही कागद शेजारी ठेवावे लागतात. ते केल्यावर किलोमागे २ रुपये जादा लागल्याचे कळले. मालात ५,००० आणि त्यावरचा कर ९००, असा ५,९०० रुपयांचा फरक निघाला. एकूण गेले २,३२,९००, जायला हवे होते १,७७,०००. जादा गेले ५५,९००. यांपैकी ५,९०० ही बिलातली चूक आहे आणि ५०,००० ही पेमेंटमधली.

या ठिकाणी ‘एकूण ५५,९०० ची क्रेडिट नोट द्या’ असे लिहिण्याचा मोह होतो. केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ मधील कलम ३४ नुसार पुरवठादार क्रेडिट नोट काढतो ती इन्व्हॉइसमध्ये मालाची किंमत किंवा कर जास्त लागला असेल, माल परत आला असेल किंवा माल वा सेवा उणी निघाली असेल तेव्हा. आगाऊ दिलेल्या ५०,००० मुळे विक्रीची किंमत एका रुपयानेही बदललेली नाही. तरीही त्या रकमेची करासह क्रेडिट नोट निघाली, तर पुरवठादाराची विक्री सुमारे ४२,३७३ रुपयांनी खोटीच कमी दिसेल आणि खरेदीदाराला सुमारे ७,६२७ रुपयांचे हक्काचे इनपुट टॅक्स क्रेडिट सोडून द्यावे लागेल. म्हणून मागणी दोन भागांत लिहावी.

५,९०० च्या क्रेडिट नोटेला मुदत आहे. ज्या आर्थिक वर्षात माल दिला, ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा पुरवठादार त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरेल तोपर्यंत, यांत जे आधी येईल तोवर ती त्याच्या विवरणात दाखवावी लागते. जून २०२५ च्या बिलासाठी ३० नोव्हेंबर २०२६ ही शेवटची तारीख झाली. पुरवठादाराने क्रेडिट नोट दाखवली की ती खरेदीदाराच्या GSTR-2B मध्ये उमटते आणि त्याने घेतलेले ९०० रुपयांचे क्रेडिट उलटवायचे असते. ते उलटवले नाही, तर पुरवठादाराला आपला कर कमी करून घेता येत नाही. क्रेडिट नोट द्यायला काही पुरवठादार टाळाटाळ करतात, त्यामागे हीच धास्ती असते. क्रेडिट उलटवण्याची तयारी पत्रातच लिहिली, तर ती धास्ती उरत नाही.

आधी पुरवठादाराच्या हिशेबनिसाला फोन करावा. पुष्कळदा तिथेच उलगडा होतो. पण फोननंतर मेल जायलाच हवा. फोनवरच्या बोलण्याची नोंद राहत नाही आणि पुरवठादारालाही पैसे परत करायचे तर हातात कागद लागतो. पत्राचा मजकूर असा असावा:

‘आपल्या १४ जून २०२५ च्या बिल क्र. ०४१८ बाबत आमच्याकडून जादा रक्कम आपल्या खात्यात जमा झाल्याचे खातेतपासणीत आढळले. या मालासाठी ३ जूनला ५०,००० रुपये आगाऊ दिले होते. ते वजा करायचे राहून १० जुलैला बिलाची पूर्ण रक्कम १,८२,९०० रुपये पाठवली गेली. दोन्ही व्यवहारांचे यूटीआर क्रमांक सोबतच्या तक्त्यात दिले आहेत. जादा गेलेले ५०,००० रुपये, ज्या खात्यातून ते आले त्याच खात्यात परत करावेत, ही विनंती. तसेच बिलात खरेदी ऑर्डरमधील ६० रुपयांऐवजी ६२ रुपये दर लागला आहे. या फरकापोटी ५,००० रुपये व त्यावरील ९०० रुपये जीएसटीची क्रेडिट नोट द्यावी आणि ती रक्कमही परताव्यात धरावी. आम्ही घेतलेले क्रेडिट त्याप्रमाणे उलटवू. आपल्या नोंदी तपासून १५ ऑक्टोबरपर्यंत कळवावे.’

सोबत दोन्ही बाजूंचे खातेउतारे, बँक स्टेटमेंटमधल्या त्या दोन ओळी, बिल आणि खरेदी ऑर्डर जोडावी. यूटीआर क्रमांक विसरू नये. एनईएफटीचा हा १६ अक्षरांचा क्रमांक असला, की पुरवठादाराला आपल्या बँकेत ती रक्कम मिनिटभरात सापडते. नुसती तारीख आणि रक्कम दिली तर शोधाशोध चालू राहते. आगाऊ रक्कम वजा न होणे ही खरेदीदाराची चूक, दर जास्त लागणे ही पुरवठादाराची. पत्रात दोन्ही जशा आहेत तशा मांडाव्यात, दोषारोप करू नये.

परतावा मागावा की वळती, हे व्यवहार कसा आहे यावर ठरते. त्याच व्यापाऱ्याकडून दर महिन्याला माल येत असेल, तर पुढच्या बिलात रक्कम वळती करणे दोघांनाही सोयीचे. त्यासाठी कोणत्या बिलात किती वळते होणार हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. खरेदी एकदाचीच असेल किंवा व्यापारी अडचणीत असल्याची कुणकुण असेल, तर रोख परतावाच मागावा, कारण वळतीसाठी ठेवलेली रक्कम म्हणजे बिनव्याजी आणि बिनतारण उसनवारी ठरते. सेवा देणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. सेवेपोटी आगाऊ घेतलेल्या रकमेवर जीएसटी रक्कम मिळतानाच लागतो, मालावर तसा तो लागत नाही. त्यामुळे सेवेचे जादा पैसे ‘ॲडव्हान्स’ म्हणून ठेवून घेण्यापेक्षा परत करणे पुरवठादारालाही सोपे जाते.

‘ते पैसे तुमच्या जुन्या बाकीत धरले,’ असे उत्तर पुष्कळदा येते. तसे असेल तर बिल क्रमांक मागावेत. भारतीय करार कायद्याच्या कलम ५९ नुसार देणेकऱ्याने पैसे कोणत्या देण्यापोटी आहेत हे सांगितले असेल, तर ते घेणाऱ्याला त्याच देण्यात धरावे लागतात. सांगितले नसेल, तर कलम ६० घेणाऱ्याला निवड करू देते. म्हणून एनईएफटीच्या तपशिलात बिल क्रमांक लिहिणे फायद्याचे. जुनी बाकी खरोखरच असेल, तर ती वजा करून उरलेली रक्कम मागणे रास्त.

बँकेकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. पैसे योग्य खात्यात पोचले आहेत, फक्त जास्त पोचले आहेत. अशा वेळी खातेदाराच्या संमतीशिवाय बँक ते परत फिरवत नाही. पुरवठादाराने दादच दिली नाही, तर करार कायदा, १८७२ चे कलम ७२ हाताशी आहे. चुकून मिळालेली रक्कम घेणाऱ्याने परत केली पाहिजे, असे ते कलम सांगते. दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते. चुकीच्या प्रकरणात ती चूक लक्षात आल्यापासून, किंवा योग्य काळजी घेतली असती तर जेव्हा लक्षात आली असती तेव्हापासून, मोजतात. वर्षानुवर्षे खाते न तपासणाऱ्याला या सवलतीचा उपयोग होईलच असे नाही. वकिलाच्या नोटिशीआधी व्यापाऱ्याने बाकी मान्य केल्याचे पत्र किंवा सही केलेला खातेउतारा मिळवता आला, तर बाजू भक्कम होते.

या पत्रव्यवहाराचा फायदा भामटेही उठवतात. ‘आमच्या या नव्या खात्यात परतावा करा’ असा मेल पुरवठादाराला खरेदीदाराच्या नावाने जाऊ शकतो. त्यामुळे पैसे आले त्याच खात्यात परत पाठवावेत, आणि खाते बदलायचे असेल तर आधीपासून माहीत असलेल्या फोन नंबरवर खात्री करावी. परतावा देणाऱ्यानेही जादा रक्कम खरोखर वटून जमा झाली आहे का ते बघावे. वटायचा राहिलेला धनादेश दाखवून फरक परत मागणे हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे.

रक्कम परत आली की खरेदीदाराने ती उत्पन्नात न घेता पुरवठादाराच्याच खात्यात जमा करावी. उदाहरणात दरफरकाची डेबिट नोट चढल्यावर नावे बाकी ५५,९०० होते. तेवढेच पैसे परत आले की खाते शून्यावर येते. मग पुरवठादाराकडून शून्य बाकीचे पुष्टीपत्र घेऊन ते या बिलाच्या फाइलला लावावे.