चालीचा पट्टा आणि ड्रॉइंगची हद्द

समजा, एका सीएनसी लेथवर २५ मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट टर्न होतो आहे. ड्रॉइंगमध्ये टॉलरन्स अधिक-उणे ३० मायक्रॉन आहे. म्हणजे २४.९७० ते २५.०३० या दरम्यानचा प्रत्येक जॉब चांगला. ऑपरेटर दर तासाला सलग पाच जॉब मायक्रोमीटरने मोजतो, त्यांची सरासरी काढतो आणि मशीनजवळ लावलेल्या कागदावर ठिपका देतो. अकरा वाजताची सरासरी २५.०१९ येते आणि ठिपका वरच्या लाल रेषेच्या बाहेर पडतो. रेषेजवळ छापलेलं असतं, ‘वरची नियंत्रण मर्यादा’. सुपरवायझर येतो, पाचही जॉब पुन्हा मोजतो. सगळे ड्रॉइंगमध्ये. ‘माल ओके आहे, चालू ठेव,’ असं सांगून तो पुढच्या मशीनकडे जातो.

यात कामचुकारपणा नाही. मर्यादा म्हटल्यावर त्याला एकच मर्यादा माहीत आहे : ड्रॉइंगवरची, जी ओलांडली की जॉब रिजेक्ट होतो. ती कोणी ओलांडलेली नाही. मग ही दुसरी मर्यादा कुठली आणि ती कोणी ठरवली, हे त्या छापील शब्दांवरून कळत नाही.

ती कोणीच ठरवलेली नसते. ती मशीननेच सांगितलेली असते. सुरुवातीला सगळं सुरळीत चालू असताना काही दिवस दर तासाला पाच-पाच जॉब मोजले. त्यांची एकंदर सरासरी आली २५.०१०. प्रत्येक पाचांतल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान जॉबमधला फरक सरासरीने १४ मायक्रॉन निघाला. पाचांच्या गटासाठी तक्त्यात ०.५७७ हा गुणक दिलेला असतो. १४ ला त्याने गुणलं की सुमारे ८ मायक्रॉन. म्हणून रेषा पडल्या २५.०१८ आणि २५.००२ वर. या मशीनवर नेहमीसारखं काम चालू असेल तर पाचांची सरासरी या दोन रेषांमध्येच फिरते, एवढाच त्यांचा अर्थ. वॉल्टर शूहार्ट यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत १९२४ साली अशा प्रकारचा पहिला आलेख मांडला. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊनही गेले.

म्हणून शॉप फ्लोअरसाठी मराठी करताना या दोन गोष्टींना एकच नाम देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ‘नियंत्रण मर्यादा’ आणि ‘विनिर्देश मर्यादा’ कोशात शोभतात. मशीनच्या आवाजात मात्र दोन्हींमधलं फक्त ‘मर्यादा’ ऐकू येतं. ड्रॉइंगच्या रेषेला ‘हद्द’ म्हणावं आणि मशीनने सांगितलेल्या रेषांमधल्या जागेला ‘चालीचा पट्टा’. हद्द एकेका जॉबची असते, पट्टा पाचांच्या सरासरीचा. त्यामुळे दोन्ही एकाच आलेखावर आखणंही चूकच. सरासरी पट्ट्याबाहेर गेली तर ‘प्रक्रिया नियंत्रणाबाहेर’ असं लिहू नये. त्यातून दंगल झाल्यासारखं वाटतं आणि चांगला माल हातात दिसत असताना कोणी त्यावर विश्वास ठेवत नाही. ‘चाल बदलली’ असं लिहिलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो : कशाने? बाहेरचा व्यास टर्न करताना इन्सर्टची धार झिजली की व्यास वाढत जातो. आधीचे चार-पाच ठिपकेही चढते असतील तर धार बघायची. एकदम उडी असेल तर बार नव्या लॉटचा आहे का, कोणी ऑफसेट बदलला का, हे विचारायचं. हे सगळं जॉब रिजेक्ट होण्याआधी कळतं. आलेख ठेवायचा तो त्यासाठीच.

‘नियंत्रण’ या शब्दाचा आणखी एक तोटा आहे, आणि तो जास्त महाग पडतो. नियंत्रण म्हणजे सतत हात ठेवणं, असं समजून काही ऑपरेटर पट्ट्याच्या आतल्या ठिपक्यालाही उत्तर देतात. सरासरी पाच मायक्रॉन वर गेली, ऑफसेट पाच खाली. पुढच्या तासाला खाली गेली, ऑफसेट वर. पट्ट्याच्या आतला चढउतार मशीनचा नेहमीचाच असतो. त्यामागे धावलं की मूळ चढउतारात आपल्या हाताचा चढउतार मिसळतो आणि फैलाव वाढतो. ‘चाल तीच आहे, हात लावू नका’ हे वाक्य आलेखावरच छापायला हवं.

‘प्रक्रिया क्षमता’ हा शब्दही असाच अडतो. कारखान्यात क्षमता विचारली की उत्तर येतं, ‘शिफ्टला दोनशे जॉब’. इथे विचारायचं असतं ते वेगळंच : हे मशीन ड्रॉइंगची हद्द पाळू शकतं का? त्याला मी ‘हद्द पाळण्याची कुवत’ म्हणेन. आपल्याच शाफ्टचं बघा. १४ ला २.३२६ ने भागलं की एका जॉबचं प्रमाण विचलन मिळतं, सुमारे ६ मायक्रॉन. त्याची सहापट म्हणजे ३६ मायक्रॉन, हा मशीनचा स्वाभाविक फैलाव. हद्द ६० मायक्रॉन रुंद. साठ भागिले छत्तीस, सुमारे १.६७ : ही सीपी. पण मशीनचा मध्य २५.००० वर नाही, १० मायक्रॉन वर सरकलेला आहे. वरच्या हद्दीपर्यंत उरले २० मायक्रॉन. त्यांना फैलावाच्या अर्ध्याने, म्हणजे १८ ने भागलं की सीपीके सुमारे १.११. सुपरवायझरला सांगायचं ते एवढंच : मशीनची कुवत चांगली आहे, सेटिंग सरकलंय, १० मायक्रॉनचा ऑफसेट एकदाच द्या. दोन्ही आकडे कमी असते तर ऑफसेटने काही झालं नसतं. मग स्पिंडल, चक किंवा फिक्श्चर बघावं लागलं असतं. मात्र चाल स्थिर नसताना काढलेली कुवत निरर्थक असते. हे दोन आकडे आलेखाआधी विचारले जातात, ते चुकीचं आहे.

राहिला ‘नमुना’. कारखान्यात सॅम्पल म्हणजे कस्टमरला मंजुरीसाठी पाठवायचा, निवडून काढलेला चांगला जॉब. त्यामुळे ‘नमुना निवड योजना’ वाचून हात आपोआप चांगल्या जॉबकडे जातो. शिवाय आलेखासाठीचे जॉब एकामागून एक, सलग घ्यायचे. पाठवणीचा लॉट तपासताना मात्र पेटीच्या तळापासून, कोपऱ्यांतून, सगळीकडून, न बघता उचलायचे. दोन उलट कृतींना एकच शब्द देऊन चालणार नाही. पहिल्याला ‘सलग पाच’, दुसऱ्याला ‘लॉटमधली उचल’ म्हणावं. ‘यादृच्छिक’ समजावून सांगण्यात वेळ घालवू नये.

भारतीय मानक आयएस २५०० च्या तक्त्यानुसार १००० जॉबच्या लॉटसाठी, नेहमीच्या तपासणीत आणि एक टक्का पातळीला, ८० उचलायचे. दोनपर्यंत खराब निघाले तर लॉट पास, तीन निघाले तर परत. ‘उचल ८०, पास २, परत ३’ अशी पाटी पुरते. त्या एक टक्क्याला मात्र ‘स्वीकारार्ह गुणवत्ता पातळी’ म्हटलं की शंभरात एक खराब पाठवायला परवानगी आहे, असा समज होतो. खरा अर्थ असा, की सरासरीने एक टक्का किंवा त्याहून कमी खराब माल करणाऱ्याचे बहुतेक लॉट, सुमारे शंभरातले पंच्याण्णव किंवा अधिक, पास होतील. आणि याच पाटीखालून पाच टक्के खराब असलेला लॉटही चारपैकी साधारण एकदा निसटून जातो. हे सुपरवायझरला सांगितलं तर पास झालेल्या लॉटबद्दल तो ‘सगळे चांगले’ असं कस्टमरला लिहून देणार नाही.