बहुपदीतील थोरल्या घाताचा अंमल
(लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात क्ष वाढत गेला असता १/क्ष ही राशी शून्याच्या हवी तितकी निकट कशी जाते, हे आपण पाहिले. आज त्याच एका गोष्टीच्या आधारे, क्ष अपरिमित वाढविला असता बहुपदीची किंमत कोणत्या दिशेस जाते, याचा निवाडा करावयाचा आहे. नमुन्यादाखल ही बहुपदी घेऊ :

क्ष³ − १००क्ष² − ५००क्ष + ७

वरवर पाहणारास हिच्यातील घनाचे पद अगदीच दुबळे वाटेल, कारण त्याच्या पदरी सहगुणक केवळ १, आणि समोर १०० व ५०० अशा सहगुणकांची दोन ऋण पदे उभी. आणि आरंभीचा अनुभवही या समजुतीस पुष्टीच देतो. क्ष शून्य असताना तर सारा कारभार एकटे अचल पद ७ पाहते. क्ष = १० घेतला की घन होतो १,०००, पण त्यातून १०,००० आणि ५,००० वजा जाऊन बाकी राहते −१३,९९३. क्ष = १०० ला पहिली दोन पदे, दोन्ही दहा लाखांची, एकमेकांस पुरती फेडून टाकतात आणि किंमत −४९,९९३ पर्यंत उतरते. इथवरची वही पाहून कोणताही कारकून, हे खाते बुडीत आहे, असाच शेरा मारील. परंतु १०४ ला −८,७२९ असलेली किंमत १०५ ला २,६३२ होते, आणि क्ष = १,००० ला ती ८९,९५,००,००७ वर जाऊन पोहोचते.

हे कसे घडले ते पाहण्यास घन बाहेर काढून उरलेले सर्व कंसात ठेवावे :

क्ष³ (१ − १००/क्ष − ५००/क्ष² + ७/क्ष³)

कंसातील १ जागचा हलत नाही. बाकीच्या तिन्ही पदांच्या छेदांत मात्र क्ष बसला आहे, आणि म्हणून ती झिजत जातात. क्ष = १,००० असता त्यांतील पहिले ०.१ आणि दुसरे ०.०००५ इतके उरते, तिसरे तर मोजण्याच्याही योग्यतेचे नाही, आणि कंस होतो सुमारे ०.८९९५; क्ष = १०,००० ला तोच सुमारे ०.९९ होतो.

‘क्ष पुरेसा मोठा असता’ हे शब्द गणिताच्या पुस्तकांत फार सढळपणे वापरले जातात. पुरेसा म्हणजे किती, हे विचारण्याचा वाचकास हक्क आहे. क्ष १ पेक्षा मोठा असेल तर ५००/क्ष² हे ५००/क्ष पेक्षा आणि ७/क्ष³ हे ७/क्ष पेक्षा लहानच असणार; तेव्हा चिन्हे कशीही असोत, तिन्ही पदे मिळून ६०७/क्ष हून अधिक बाधा करू शकत नाहीत. क्ष १,२१४ वा त्याहून मोठा झाला की ही बाधा निम्म्यापुढे जात नाही, म्हणजे कंस अर्ध्याच्या खाली उतरत नाही, आणि सबंध राशी निदान क्ष³ च्या निम्म्याइतकी तरी राहते. क्ष³ चे निम्मे तर हव्या त्या मर्यादेपलीकडे जाते. राशी वस्तुतः १०५ लाच धन झाली होती, तेव्हा १,२१४ हा अंदाज बराच ढिला खरा. पण असा आकडा कोणत्याही बहुपदीस काढता येतो. खालच्या पदांचे सहगुणक कोटींचे असले तर तो आकडा दूर सरकेल एवढेच, निवाडा बदलणार नाही.

एका विद्यार्थ्याच्या वहीत मी ‘अनंत − अनंत = शून्य’ असे लिहिलेले पाहिले होते. क्ष³ आणि १००क्ष² दोन्ही अनंताकडे जातात हे त्याचे म्हणणे बरोबर होते, पण अनंत ही काही खात्यावर मांडून वजा टाकण्याची रक्कम नव्हे. दोहोंच्या वेगांची तुलना केल्यावाचून फरकाविषयी काहीच बोलता येत नाही, आणि ती तुलना वरील कंसच करतो. याच्या उलट बाजूची चूक अधिक सूक्ष्म आहे. अग्रपदाचा अंमल चालतो म्हणून बाकीची पदे नाहीशी झाली, असे कोणी समजेल; पण आपली राशी क्ष³ हून क्ष = १,००० ला सुमारे दहा कोटींनी, आणि १०,००० ला सुमारे एक हजार कोटींनी कमी आहे. तूट वाढतच जाते. १ कडे जाते ते दोहोंचे गुणोत्तर.

चिन्हाचा प्रश्नही याच कंसाने सुटतो. क्ष ऋण दिशेने दूर गेला तरी कंस १ कडेच येतो, क्ष = −१,००० ला तो सुमारे १.०९९५ असतो, आणि म्हणून राशीचे चिन्ह बाहेरचा घन सांगेल तेच. ऋण संख्येचा घन ऋण, तेव्हा राशी ऋण अनंताकडे उतरते. घात सम असता तर ती त्याही बाजूस वर गेली असती, आणि अग्रपदाचा सहगुणक ऋण असता तर दोन्ही बाजूंचे निकाल उलटले असते. विषम घाताच्या बहुपदीची दोन टोके अशी नेहमीच परस्परविरुद्ध चिन्हांची असतात. आणि तिचा आलेख कोठेही तुटत नसल्यामुळे, एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाताना तो शून्याची रेषा कोठेतरी ओलांडतोच. आपल्या बहुपदीने ती १०४ आणि १०५ यांच्या दरम्यान एकदा ओलांडली आहे; क्ष = ० ला ७ आणि क्ष = १ ला −५९२ या किमती पाहिल्या की दुसरे एक ठिकाणही दिसते, आणि तिसरे कोठे आहे ते वाचकाने ऋण बाजूस शोधावे.