‘वा’ की ‘गा’?

मागच्या भागात आपण दोन जपानी वाक्यांचं मराठी केलं होतं. ‘वाताशी वा पाटील देस’ आणि ‘वाताशी गा पाटील देस’. दोन्हींचं उत्तर आलं, ‘मी पाटील’. मग एकात ‘वा’ आणि दुसऱ्यात ‘गा’ कशाला?

वाक्याच्या आधी कोणता प्रश्न विचारला गेला असेल, ते बघा. नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी तुम्ही उभे आहात. सगळ्यांच्या मनात प्रश्न आहे, ‘हे कोण?’ तुम्ही समोर दिसताच आहात, नाव तेवढं नवीन आहे. इथे ‘वाताशी वा पाटील देस’. म्हणजे, माझ्याबद्दल सांगायचं तर, मी पाटील. ‘वा’च्या आधी येतो विषय, आणि नवी गोष्ट त्याच्या पुढे.

आता दवाखान्यात बसला आहात. नर्सबाई यादी बघून विचारतात, ‘पाटील कोण?’ नाव त्यांना माहीत आहे, माणूस सापडायचा आहे. इथे ‘वाताशी गा पाटील देस’. पाटील मी आहे. मराठीत आपण हा फरक आवाजाने करतो, ‘मी’वर जोर देतो. जपानीत ते काम ‘गा’ करतो. (खरं तर अशा वेळी नुसतं ‘वाताशी देस’ म्हटलं तरी चालतं.) पण ओळख करून देताना ‘गा’ वापरलात, तर कोणीतरी पाटलांना शोधत होतं आणि तुम्ही हात वर केलात, असं वाटेल.

यातूनच एक पक्का नियम निघतो. ‘कोण’ म्हणजे ‘दारे’ आणि ‘काय’ म्हणजे ‘नानी’ हे शब्द कर्ता असतील, तर त्यांना ‘गा’च लागतो. जे अजून माहीतच नाही, ते बोलण्याचा विषय कसं होणार? आणि प्रश्नात ‘गा’ असेल, तर उत्तरातही ‘गा’.

मात्र ‘गा’ म्हणजे आपला ‘च’, असं पाठ करू नका. खिडकीबाहेर बघून जपानी माणूस म्हणतो, ‘आमे गा फुत्ते इमास’. म्हणजे पाऊस पडतोय. इथे कशावरच जोर नाही, अख्खी बातमीच नवीन आहे. तिथे ‘आमे वा’ म्हटलंत, तर सूर होतो ‘पाऊस तर पडतोय’, आणि ऐकणारा पुढच्या ‘पण’ची वाट बघतो.

एका ठिकाणी मराठी माणसाला हे इंग्रजीवाल्यापेक्षा सोपं जातं. ‘मला आंबा आवडतो’ म्हणताना आपलं क्रियापद आंब्याच्या मागे जातं. कैरी असेल तर ‘आवडते’ होतं. जपानीतही ‘गा’ आंब्यालाच लागतो. ‘वाताशी वा मांगो गा स्की देस.’

पुढच्या भागापर्यंत घरातल्या मुलांना ‘दारे गा’ने सुरू होणारे दोन-तीन प्रश्न विचारून बघा.