पोटातला पीळ

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला तीन दिवस शौचाला झाले नाही, तर घरात कुणी फारसे घाबरत नाही. बद्धकोष्ठता जुनीच असते. एरंडेल होते, रात्री चूर्ण होते, शेवटी एनिमा होतो. यात काही चूक नाही, कारण दहातल्या नऊ वेळा तेवढ्याने काम भागते. ज्या वेळी भागत नाही, त्या वेळी मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणाला पीळ पडलेला असू शकतो. डॉक्टर त्याला ‘सिग्मॉइड व्हॉल्व्ह्युलस’ म्हणतात. तो वेळेत ओळखला तर पोट न उघडता सोडवता येतो. दिवस-दोन दिवस वाया गेले तर त्याच आतड्याला गँगरीन होते.

मोठे आतडे डाव्या कुशीतून खाली उतरते आणि गुदाशयाला मिळण्याआधी एक वळण घेते. हे वळण म्हणजे सिग्मॉइड. ते पोटाच्या मागच्या भिंतीला चिकटलेले नसते. एका पातळ पडद्याने ते भिंतीशी जोडलेले असते आणि त्याच्या रक्तवाहिन्या याच पडद्यातून येतात. काही माणसांत हे वळण फार लांब असते आणि पडद्याचे बूड मात्र अरुंद. वर्षानुवर्षांच्या बद्धकोष्ठतेने ते आणखी लांबते आणि सैल पडते. मग मळाने आणि गॅसने जड झालेले हे वेटोळे त्या अरुंद बुडाभोवती फिरते. अर्धा फेरा झाला तरी वाट अडते. पूर्ण फेरा झाला तर पडद्यातल्या शिराही पिळल्या जातात. रक्त आत येत राहते पण परत जायला वाट उरत नाही, भिंत सुजते, आणि अखेर आत येणारे रक्तही थांबते.

भारत, आफ्रिका आणि मध्यपूर्वेत हा आजार चाळिशी-पन्नाशीतल्या, एरवी धट्ट्याकट्ट्या माणसांनाही होतो. तिथल्या चोथायुक्त आहाराने आतडे लांब आणि भरलेले राहते, असे त्याचे कारण दिले जाते. युरोप-अमेरिकेत मात्र हा प्रामुख्याने वृद्धाश्रमातल्या रुग्णांचा आजार आहे. आपल्याकडेही आता अंथरुणावरचे, स्मृतिभ्रंश झालेले, पार्किन्सनचे, मनोविकारांची औषधे घेणारे वृद्ध घरोघरी आहेत. म्हणजे दोन्ही प्रकारचे रुग्ण आपल्याच दवाखान्यात येतात.

एक प्रातिनिधिक प्रसंग घेऊ. ८२ वर्षांच्या एक आजी आहेत. दहा वर्षांपासून पार्किन्सन, हातात काठी, पण जेवण स्वतःच्या हाताने. कंपासाठी त्यांना ट्रायहेक्सिफेनिडिल चालू आहे. हे औषध आतड्याची हालचाल मंदावते. चार दिवस शौचाला झालेले नाही. पाचव्या दिवशी सकाळी लुगडे नेसवताना सुनेच्या लक्षात आले, की पोट खूप फुगले आहे आणि डावीपेक्षा उजवी बाजू वर आली आहे. ‘‘आई, दुखतंय का?’’ असे विचारले तर आजी म्हणाल्या, ‘‘थोडं जड वाटतंय गं.’’ ताप नाही, उलटी नाही.

डॉक्टरांची फसगत व्हावी अशीच ही जागा आहे. तरुण माणूस पिळाच्या कळेने गडबडा लोळला असता. वृद्धांत दुखण्याची जाण बोथट झालेली असते, स्मृतिभ्रंश असेल तर सांगताच येत नाही, आणि पोटाचे स्नायू पातळ झाल्याने पोट कडक लागत नाही. मोठ्या आतड्यातल्या अडथळ्यात उलटीही उशिरा होते. म्हणून इथे कळेपेक्षा दोन प्रश्न जास्त कामाचे: पोट किती वेळात फुगले, आणि गॅस सरतो आहे का? साध्या बद्धकोष्ठतेत शौचाला झाले नाही तरी गॅस सरतो. आजींचा गॅस आदल्या दुपारपासून बंद होता. घरी दिलेल्या एनिमाचे पाणी जसेच्या तसे स्वच्छ परत आले होते. डॉक्टरांनी बोटाने तपासले तेव्हा गुदाशय रिकामा होता. मळ साचून अडला असता तर बोटाला खडा लागायला हवा होता.

एक्स-रे काढायला आजींना उभे राहता आले नाही, म्हणून पोटाचा फोटो उताणे झोपवून काढला. एरवी या फोटोत मोठे आतडे पोटाच्या कडेकडेने चौकटीसारखे दिसते. त्यातला गॅस काळा दिसतो, आणि आतड्याच्या कप्प्यांच्या आडव्या खाचा त्या काळ्या पट्ट्यात ठिकठिकाणी उमटतात. मोठ्या आतड्याची रुंदी सहसा ६ सेंटिमीटरच्या आत असते. आजींच्या फोटोत ओटीपोटातून निघून यकृताच्या दिशेने वर गेलेले एकच प्रचंड काळे वेटोळे होते, १० सेंटिमीटरहून रुंद. इतके ताणलेले, की कप्प्यांच्या खाचा पुसल्या गेल्या होत्या. वेटोळ्याच्या दोन भुजा एकमेकींना घट्ट टेकल्या होत्या. जिथे त्या टेकल्या तिथे आतड्याच्या दोन भिंतींची मिळून एक जाड पांढरी रेघ उमटली होती, आणि ती खाली ओटीपोटाकडे, म्हणजे पीळ जिथे असतो त्या जागेकडे उतरत होती. मधोमध रेघ असलेल्या या काळ्या आकाराला क्ष-किरणतज्ज्ञ ‘कॉफी-बीन’ म्हणतात. गुदाशयात गॅसचा ठिपकाही नव्हता.

असा फोटो मिळाला की निदान जवळजवळ झालेच. पण प्रत्येक फोटो इतका स्पष्ट नसतो. बऱ्याच रुग्णांत आजूबाजूचे आतडेही फुगलेले असते आणि वेटोळे त्यात हरवते. शिवाय अशक्त वृद्धांत पीळ नसतानाही सगळे मोठे आतडे नुसतेच लुळे पडून फुगू शकते, आणि फोटो फसवतो. शंका राहिली तर सीटी स्कॅन करतात. त्यात पडद्याच्या आणि रक्तवाहिन्यांच्या गरगर फिरलेल्या रेषाच दिसतात. सीटीचे दुसरे काम अधिक मोलाचे आहे. आतड्याची भिंत जिवंत आहे का, हे साध्या एक्स-रेला सांगता येत नाही. सीटीतून त्याचा बराच अंदाज येतो. आतडे फुटून गॅस बाहेर आला आहे का, हे मात्र साध्या फोटोतही पाहता येते. उभे राहता येत नसेल तर डाव्या कुशीवर झोपवून फोटो काढतात. मग फुटलेल्या आतड्यातला गॅस यकृताच्या वर जमलेला दिसतो.

इथून पुढची वाट दोन फाट्यांत जाते. आतडे फुटलेले असेल, पोट सर्वत्र हात लावू देत नसेल, रक्तदाब कोसळत असेल किंवा सीटीत भिंत मेलेली दिसत असेल, तर दुर्बीण वापरायची नाही. अशा वेळी रुग्णाला थेट शस्त्रक्रियेला घेतात. मेलेले वेटोळे तर शस्त्रक्रियेतही आधी सोडवत नाहीत. त्यात कोंडलेले विषारी रक्त एकदम अंगात पसरू नये म्हणून पिळासकटच कापून काढतात. यातले काहीही नसेल, तर आधी दुर्बीण.

आजींना शिरेतून सलाइन लावले. रक्तातले पोटॅशियम कमी होते, ते भरून काढायला सुरुवात केली. मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड द्यायचे नाही, असे केसपेपरवर ठळक लिहिले. ते आतडे जोराने ढकलते, जे अडलेल्या आतड्याला नको, आणि पार्किन्सनही वाढवते. मग डाव्या कुशीवर वळवून, फारशी गुंगी न देता, गुदद्वारातून लवचीक दुर्बीण आत नेली. हवा अगदी जपून सोडायची असते, कारण आत आधीच कोंडलेला गॅस आहे. कार्बन डायऑक्साइडची सोय असेल तर तो बरा, कारण तो अंगात लवकर शोषला जातो.

साधारण १५ ते २५ सेंटिमीटरवर वाट संपल्यासारखी दिसते. कापडी पिशवीचे तोंड पिळून धरावे तशा आतल्या घड्या एका बिंदूकडे फिरत गेलेल्या असतात. त्या बिंदूवर दुर्बिणीचे टोक टेकवून हलका, धीराचा दाब द्यायचा. जोर केला तर सुजलेली भिंत फाटते. आजींच्या बाबतीत थोड्या वेळाने टोक सरकन आत गेले आणि कोंडलेला गॅस व पातळ मळ भसाभस बाहेर आला. पोट डोळ्यांदेखत खाली बसते. पण बघणाऱ्याची नजर तेव्हा पोटावर नव्हे, आतड्याच्या अस्तरावर हवी. गुलाबी, जरा सुजलेले अस्तर चालते. काळपट-निळे, रक्ताळलेले दिसले तर तिथेच थांबून शस्त्रक्रियेची तयारी करतात. वेटोळ्याला पिळाची दोन तोंडे असतात, म्हणून पहिले ओलांडून थांबायचे नसते. दुसरेही ओलांडून वरच्या आतड्यापर्यंत जावे लागते, नाहीतर अर्धाच पीळ सुटतो. शेवटी एक मऊ नळी वेटोळ्यात ठेवून मांडीला चिकटपट्टीने बांधतात. ती एक ते तीन दिवस राहते आणि गॅस पुन्हा कोंडू देत नाही. त्यानंतर पुन्हा एक फोटो: काळे वेटोळे मावळले का, आणि फुटल्याची खूण नाही ना?

या उपायामागची कल्पना जुनी आहे. नॉर्वेचे शल्यचिकित्सक ब्रूसगार्ड यांनी १९४७ साली ताठ दुर्बीण आणि रबरी नळी वापरून पोट न उघडता पीळ सोडवण्याचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. तोवर बहुतेक ठिकाणी रुग्णाला थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेत असत. आजही बहुसंख्य रुग्णांत पहिल्या प्रयत्नाला यश मिळते.

पण यात आजार बरा झालेला नाही. लांब वेटोळे आणि अरुंद बूड तसेच आहे. नुसते सोडवून घरी पाठवलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना पीळ पुन्हा पडतो, कित्येकदा काही महिन्यांतच, आणि पुढच्या वेळी वेळ मिळेलच असे नाही. म्हणून शक्य असेल तर त्याच मुक्कामात, काही दिवसांनी, सिग्मॉइडचा भाग कापून दोन टोके जोडतात. दुर्बिणीने मिळवलेला फायदा नेमका इथे दिसतो. तातडीच्या शस्त्रक्रियेत आतडे फुगलेले, घाण आणि रुग्ण कोरडा पडलेला असतो. टोके जोडणे धोक्याचे ठरते आणि पोटावर मळाची पिशवी लावावी लागते. मृत्यूचा धोकाही कितीतरी जास्त. चार दिवस मिळाले तर आतडे साफ होते, क्षार जागेवर येतात, हृदय तपासले जाते, पार्किन्सनच्या गोळ्यांची वेळ पुन्हा बसते. वेटोळे न कापता नुसते टाके घालून भिंतीला बांधण्याची शस्त्रक्रियाही आहे, पण तिच्यानंतर पीळ पुन्हा पडण्याचे प्रमाण बरेच असते.

आजी काठीने चालत होत्या, स्वतः जेवत होत्या, हृदय चांगले होते. त्यांना नियोजित शस्त्रक्रियेचा सल्ला देणे सोपे होते. वय ८२ आहे म्हणून नाही म्हणणे अन्यायाचे ठरले असते. शेजारच्या खाटेवर ७४ वर्षांचे, स्मृतिभ्रंशाने वर्षभर अंथरुणाला खिळलेले, घासही धड न गिळणारे आजोबा असते, तर उत्तर वेगळे येऊ शकते. माझ्या मते अशा वेळी कुटुंबाला बाजूला बसवून स्पष्ट विचारावे, की शस्त्रक्रियेतून उठले तरी त्यांच्या वाट्याला काय येणार आहे. त्यांच्यासाठी काही केंद्रांत दुर्बिणीच्या मदतीने पोटाच्या भिंतीतून नळ्या घालून वेटोळे जागेवर अडकवतात. त्यात जंतुसंसर्गाचा आणि गळतीचा धोका असतो, पण भूल कमी लागते. तेही नको असेल तर दर वेळी पीळ सोडवणे, एवढ्यावर थांबणे हाही वैद्यकीय निर्णयच आहे.

घरी जाताना आतडे मंदावणारी औषधे शक्य तितकी कमी करून घ्यावीत. इसबगोलासारखे फुगणारे चूर्ण, जो माणूस हालत नाही आणि पाणी कमी पितो, त्याला डॉक्टरांना न विचारता देऊ नये. आतड्यात पाणी धरून ठेवणारी पातळ औषधे त्यांना सहसा बरी पडतात. पुन्हा पोट फुगले आणि गॅस सरणे थांबले, तर एनिमाचा डबा न काढता त्याच दिवशी एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे, आणि आधी पीळ सोडवला होता हा कागद सोबत ठेवावा.