क्रीडादिनाची सहा अरबी वाक्ये

कतारमध्ये फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार हा राष्ट्रीय क्रीडादिन असतो. 2011 साली तिथल्या अमीरांनी तसा निर्णय काढला आणि 2012 पासून त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी असते. सुट्टीमुळे शाळा आपापले क्रीडादिन त्याच्या आगेमागे घेतात आणि मग वार्षिक अंकासाठी किंवा वर्गाबाहेरच्या भित्तिपत्रकासाठी त्याची बातमी लिहायची असते. अरबी शाळांमध्ये बातमीलेखन भाषेच्या तासाला शिकवतात. भित्तिपत्रकाला तिकडे ‘मजल्लत अल-हाइत’, म्हणजे भिंतीचे मासिक, म्हणतात. दोहात वाढणारी मराठी मुले शाळेत अरबी शिकतात, त्यामुळे हा गृहपाठ आपल्यातल्या काही घरांतही येतो.

बातमी पाच-सहा वाक्यांची असते आणि तीत काय घालायचे हे मुलांना लगेच कळते. कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसे हे सहा प्रश्न त्यांनाही आपल्यासारखेच शिकवलेले असतात. सगळ्यात महत्त्वाचे आधी आणि किरकोळ शेवटी या रचनेला अरबी पत्रकार ‘अल-हरम अल-मकलूब’, म्हणजे उलटा पिरॅमिड, म्हणतात. खरी परीक्षा होते ती क्रियापद आणि आकडे यांच्यापाशी. खेळाच्या बातमीत दोन्हींची गर्दी असते, म्हणून मुलाला अरबी कितपत येते हे निबंधापेक्षा या सहा वाक्यांत लवकर दिसते.

एक बातमी रचून पाहू. सातवीच्या मुलांनी फुटबॉलचा अंतिम सामना 3-2 असा जिंकला आणि क्रीडादिनाचा चषक मिळवला, असे धरू. मथळा असा होईल: ‘तुल्लाब अस्-साबिअ यफूजून बि-कअस अल-यौम अर-रियादी’. म्हणजे सातवीचे विद्यार्थी क्रीडादिनाचा चषक जिंकतात. घटना होऊन गेली तरी मथळ्यात वर्तमानकाळ, हे आपल्या वर्तमानपत्रांतही चालतेच. पण मथळ्यात कर्ता आधी आला आहे आणि क्रियापद नंतर. आता बातमीचे पहिले वाक्य पाहा: ‘फाज तुल्लाब अस्-सफ्फ अस्-साबिअ बि-कअस अल-यौम अर-रियादी’. इथे क्रियापद वाक्याच्या तोंडाशी आहे. बातमीच्या मजकुरात अरबी भाषेची ही नेहमीची चाल: काय झाले ते आधी, कोणी केले ते मग.

क्रियापद पुढे आले की त्याचे वचनही बदलते, आणि मुले पहिल्यांदा अडखळतात ती इथे. मथळ्यात ‘यफूजून’ अनेकवचनी आहे, कारण कर्ता आधी येऊन गेला. मजकुरात मात्र कर्ता तोच अनेकवचनी असूनही ‘फाज’ एकवचनी राहते. क्रियापद आधी असेल तर ते एकवचनीच ठेवायचे, फक्त लिंग कर्त्याप्रमाणे घ्यायचे, असा लेखी अरबीचा नियम आहे. बोलीत हा नियम नाही. कैरोचा मुलगा असो की खार्टूमचा, घरी बोलताना तो दोन्ही ठिकाणी अनेकवचनच वापरतो, म्हणून कागदावर हटकून ‘फाजू अत्-तुल्लाब’ असे उतरते. ही जुनीच गोष्ट आहे. प्राचीन काळीही काही टोळ्या असेच बोलत आणि व्याकरणकारांनी त्या बोलीला नाव दिले ‘अकलूनी अल-बरागीथ’ची बोली, म्हणजे ‘मला पिसवांनी खाल्लं’ची बोली. उदाहरणाच्या त्या वाक्यात ‘पिसवा’ येण्याआधीच क्रियापद अनेकवचनी झालेले आहे. आजही अरबीचे मास्तर वहीत लाल खूण करताना त्या पिसवांची आठवण करून देतात.

आता गोलांची संख्या. ‘बि-थलाथति अहदाफ मुकाबिल हदफैन’, म्हणजे तीन गोल विरुद्ध दोन गोल. या चार शब्दांत अरबी अंकांचे दोन नियम बसलेले आहेत. ‘हदफैन’मध्ये ‘दोन’ हा वेगळा शब्दच नाही. हदफ म्हणजे गोल आणि त्याला जोडलेला ‘ऐन’ हा द्विवचनाचा प्रत्यय. संस्कृत शिकलेल्या मराठी माणसाला हे चटकन पटते. तीनचा नियम मात्र कुणालाही चकवतो. तीन ते दहा या संख्यांचे लिंग मोजल्या जाणाऱ्या वस्तूच्या उलट असते. हदफ पुल्लिंगी, म्हणून त्याच्यासाठी ‘थलाथा’ हे स्त्रीलिंगी दिसणारे रूप. पदके मोजायची झाली तर मीदालिय्या स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘थलाथ मीदालिय्यात’, शेवटच्या ‘आ’विना. ज्या बातमीत गोलही आहेत आणि पदकेही, तिथे एकाच ओळीत ‘तीन’ दोन वेगळ्या रूपांत लिहावा लागतो. मुलांनी दोन्ही ठिकाणी सारखेच लिहिले असेल तर एक ठिकाण नक्की चुकलेले असते. बातमी तपासताना मी सगळ्यात आधी हेच पाहते.

दुसऱ्या वाक्यात सहभाग येतो: ‘व-शारक फी अल-मुसाबकात मिअतुन व-इश्रूना तालिबन’. स्पर्धांमध्ये 120 विद्यार्थ्यांनी भाग घेतला. मुले एकशेवीस असूनही ‘तालिबन’ एकवचनी आहे. अकरा ते नव्याण्णवपर्यंत मोजलेले नाम एकवचनात येते आणि मोठ्या संख्येत शेवटचा भाग ज्या गटातला, त्याचा नियम लागतो. इथे शेवट वीसचा आहे. बरोबर शंभरच मुले असती तरीही नाम एकवचनीच राहिले असते, पण त्याची विभक्ती बदलली असती. मराठी मुलांना एका बाबतीत मात्र फायदा आहे. अरबीत पंचवीस ‘खम्सा व-इश्रून’ असा उच्चारतात, पाच आणि वीस, एकक आधी आणि दशक मग. ही चाल आपल्याला परकी नाही. अंकांत लिहिले की हा सगळा त्रास वाचतो, म्हणून पुष्कळ मुले वाक्यात ‘120’ टाकून मोकळी होतात. मोठ्या संख्येला ते चालते. एक ते दहापर्यंत मात्र अक्षरांतच लिहावे, असे मला वाटते, कारण नियम पक्के होतात ते तिथेच.

याच वाक्याच्या सुरुवातीला ‘व’ आहे, म्हणजे ‘आणि’. तिसरे वाक्यही ‘व’नेच सुरू होईल आणि चौथेही. मराठी संपादक वाक्याच्या तोंडचे ‘आणि’ खोडत बसेल, पण अरबी बातमीत तो वाक्यांचा सांधा असतो. ‘व-काल’, आणि म्हणाला. ‘व-अदाफ’, आणि पुढे सांगितले. ‘व-फी अल-खिताम’, आणि समारोपात. मराठीच्या सवयीने मुलांनी हे ‘व’ गाळले की बातमी तुटक वाटते. वाचणाऱ्याला काहीतरी खटकते, पण नेमके काय ते सांगता येत नाही.

तिसरे वाक्य साधे आहे. स्पर्धा दुपारी संपल्या, ‘व-इन्तहत अल-मुसाबकात जुहरन’. माणसांशिवाय इतर कशाचेही अनेकवचन अरबीत स्त्रीलिंगी एकवचनासारखे वागते, म्हणून ‘मुसाबकात’ अनेक असूनही क्रियापद ‘इन्तहत’, जणू एकच स्त्रीलिंगी गोष्ट संपली.

चौथ्या वाक्यात विजयी कप्तान बोलतो आणि बातमीतली सगळ्यात नाजूक जागा येते. मुलगा इजिप्तचा असेल तर तो म्हणेल, ‘किसिब्ना इल-मात्श’. मॅच जिंकली. त्याच्या बोलीतले हे अगदी सरळ वाक्य. पण छापील बातमी ‘फुस्हा’त, म्हणजे लेखी प्रमाण अरबीत, लिहायची असते आणि तिथे ‘फुज्ना बिल-मुबारात’ होते. बोलायची एक भाषा आणि लिहायची दुसरी, या स्थितीवर चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञाने 1959 साली लेख लिहिला तेव्हा अरबी हे त्याचे एक मुख्य उदाहरण होते. सातवीच्या वार्ताहरालाही तेच अंतर रोज ओलांडावे लागते. मुलाचे शब्द बदलावे लागतात, मग अवतरणचिन्हात काय उरते? माझे मत असे की तेवढ्याच अर्थाचे, तेवढ्याच लांबीचे वाक्य प्रमाण भाषेत ठेवावे. पण अनेकदा शिक्षक त्या ठिकाणी मुख्याध्यापकांच्या भाषणातले वाक्य घालतात आणि बारा वर्षांचा कप्तान शाळेचे प्रशासन, पालकवर्ग आणि मान्यवरांचे आभार मानू लागतो. मुलाने हे म्हटलेले नसते, हे वाचणाऱ्या प्रत्येक वर्गमित्राला ठाऊक असते. आभार मानायचेच असतील तर ते मुख्याध्यापकांच्या नावावर, ‘व-काल मुदीर अल-मदरसा’ म्हणून वेगळ्या वाक्यात द्यावेत. कप्तानाचा गोल कप्तानालाच सांगू द्यावा.

पाचवे वाक्य बक्षिसांचे. इथे वर्तमानपत्रांत रुळलेले रूप असे असते: ‘तम्म तौजीअ अल-जवाइज’, बक्षीसवाटप पार पडले. भाषेचे काटेकोर जाणकार या ‘तम्म’ला नाके मुरडतात. त्यांना ‘वुज्जिअत अल-जवाइज’ हवे असते, बक्षिसे वाटली गेली. दोन्ही बाजूंना कारण आहे. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे ‘वुज्जिअत’, वाटली गेली, आणि ‘वज्जअत’, तिने वाटली, हे दोन्ही कागदावर अक्षरन् अक्षर सारखेच दिसतात. वाचणारा संदर्भावरून ठरवतो. आधीच्याच ओळीत शाळेचे नाव येऊन गेले असेल तर शाळेने बक्षिसे वाटली असा अर्थ लागतो आणि पाहुण्यांनी वाटली असतील तर घोटाळा होतो. ‘तम्म’ने हा घोटाळा टळतो, म्हणून बातमीदारांनी तो उचलला. शाळेच्या अंकात मधला मार्ग आहे: ‘वुज्जिअत’च लिहायचे, पण पहिल्या अक्षरावर पेशाची छोटी खूण द्यायची. एका खुणेने वाक्य स्वच्छ होते.

सहावे वाक्य ‘युज्कर अन्न’ने सुरू होते, म्हणजे ‘उल्लेखनीय आहे की’. क्रीडादिन शाळा दरवर्षी घेते, मागच्या वर्षीचा चषक आठवीने नेला होता, असली माहिती इथे ठेवतात. जागा कमी पडली तर संपादक हेच वाक्य आधी कापतो.

आता नावे. अरबी बातमीत मुलाचे नाव वडील आणि आजोबांच्या नावासह येते, त्यामुळे दोन मुहम्मद सहज वेगळे ओळखता येतात. मराठी मुलाच्या बाबतीत मात्र अडचण अक्षरांचीच असते. अरबी वर्णमालेत प नाही आणि च नाही. पार्थ तिथे ‘बार्थ’ होतो आणि चिन्मयच्या आधी त आणि श ही दोन अक्षरे येतात. ऐकून लिहिले तर वर्गशिक्षक एक रूप लिहितील, क्रीडाशिक्षक दुसरे आणि अंकात तिसरेच छापले जाईल. कतारच्या निवास ओळखपत्रावर नाव अरबी लिपीतही असते. तेच रूप जसेच्या तसे बातमीत उतरवावे, म्हणजे गोल करणारा पार्थ हजेरीपटावरच्याच नावाने अंकात येईल.