जुळलेली शिल्लक, चुकलेला रकाना

२५ जून २००२ रोजी अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीने आपल्या हिशेबात सुमारे ३८० कोटी डॉलरची गडबड असल्याचं जाहीर केलं. गंमत अशी की हा पैसा खरोखरच खर्च झाला होता आणि बेरीजही बिघडली नव्हती. इतर कंपन्यांच्या लाइन वापरण्यासाठी दिलेले पैसे हा रोजच्या धंद्याचा खर्च. तो वर्ल्डकॉमने मालमत्ता घेतल्यासारखा दाखवला. त्यामुळे नफा फुगला आणि रोकड प्रवाह पत्रकात तेवढीच रक्कम ‘कामकाज’ सोडून ‘गुंतवणूक’ या भागात जाऊन बसली.

या पत्रकाचे तीन भाग असतात: धंद्यातून आलेला-गेलेला पैसा, यंत्रं-जागा वगैरेंत घातलेला पैसा, आणि भागधारक व कर्जदात्यांशी झालेली देवघेव. कर्ज देणारी बँक सगळ्यात आधी पहिला भाग बघते. म्हणूनच मोह तिथेच होतो.

भोसरीतला एखादा सुट्या भागांचा कारखाना डोळ्यांसमोर आणू. वर्षाच्या सुरुवातीला ताळेबंदात यंत्रं ४० कोटींची, अखेरीस ५३ कोटींची. वाढ १३ कोटी; पण मधल्या काळात ५ कोटी घसारा गेला आणि २ कोटी पुस्तकी किमतीचं जुनं यंत्र विकलं. म्हणजे नवी खरेदी २० कोटींची. पत्रकातही ‘यंत्रखरेदी २० कोटी’ असंच लिहिलेलं. आकडा जुळला, टिकमार्क झाली, फाइल पुढे सरकली.

थांबायचं असतं ते इथेच. त्याच वर्षी देणेकऱ्यांची रक्कम ८ कोटींनी वाढली आहे आणि ती सगळी वाढ कामकाजाच्या भागात धरली आहे. ऑडिटरने ३१ मार्चची पुरवठादारवार यादी मागवली, तर त्यातले ६ कोटी कच्च्या मालाचे नसून यंत्र पुरवणाऱ्याच्या थकलेल्या बिलाचे निघतात. म्हणजे यंत्रापोटी प्रत्यक्षात १४ कोटीच गेले आणि कामकाजातून आलेले म्हणून मिरवलेले ९ कोटी मुळात ३ कोटीच आहेत. अखेरची रोकड मात्र दोन्ही मांडणीत तीच, त्यामुळे नुसती शिल्लक ताडून ही चूक कधीच सापडत नाही.

कर्जाचंही तसंच. रुपया घसरला की डॉलरमधलं कर्ज ताळेबंदात वाढलेलं दिसतं, पण त्यातून कंपनीच्या हाती छदामही येत नाही. ती वाढ ‘कर्ज उभारलं’ या ओळीत गेली, तर त्याची भरपाई दुसऱ्या कुठल्यातरी ओळीत झालेलीच असणार, आणि ती ओळ बहुतेक वेळा ‘इतर बदल’ अशा मोघम नावाखाली दडलेली असते.

या पडताळणीला मर्यादाही आहे. सगळं गणित ताळेबंदातून निघतं. ताळेबंदच खोटा असेल तर पत्रक त्याच्याशी सुरेख जुळतं. जानेवारी २००९मध्ये सत्यमच्या रामलिंग राजूंनी कबुली दिली, ती ५,०४० कोटींच्या अस्तित्वातच नसलेल्या रोख आणि बँक शिल्लकीची. म्हणून शिल्लकीचा दाखला ऑडिटरने कंपनीच्या हातून न घेता थेट बँकेकडून मागवायचा असतो.