साठावा दिवस कोणता?

उद्या फौजदारी प्रक्रियेचा पेपर. सायलीने गणितच घातलं, "राहत्या घरातल्या चोरीचा आरोपी. २८ फेब्रुवारीला अटक, १ मार्चला दंडाधिकाऱ्यांनी कोठडी दिली. शिक्षा सात वर्षांपर्यंत. दोषारोपपत्राची मुदत कधी संपते?"

"साठ दिवस, अटकेपासून," मृणाल म्हणाली.

"अगं, अटकेपासून नाही, कोठडीच्या आदेशापासून. आणि तो दिवसही धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं."

मृणालने बोटांवर मोजलं. "मार्चचे एकतीस, एप्रिलचे एकोणतीस. २९ एप्रिलला साठ भरले. म्हणजे ३० तारखेला जामिनाचा हक्क?"

"हो, कलम १८७(३). जन्मठेप, फाशी किंवा दहा वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात मात्र नव्वद दिवस."

"समज, त्याने ३० तारखेला सकाळी अकराला अर्ज दिला आणि पोलिसांनी चारला दोषारोपपत्र आणलं?"

"तरी जामीन मिळतो, फक्त ठरलेला जामीनदार किंवा बंधपत्र द्यायची तयारी हवी. उशीर पोलिसांचा, त्याची झळ कोठडीतल्या माणसाला का?"

"आणि दोषारोपपत्र दहाला आलं असतं तर?"

"अर्ज नंतरचा, म्हणून हा हक्क गेला. मग गुणदोषांवर नेहमीचा जामीन मागायचा."